आर्य

आर्य : प्राचीन भारतीय व इराणी लोकांनी स्वतःसाठी वापरलेले नाव, पुढे आदरवाचक शब्द आणि एकोणिसाव्या शतकापासून भाषाकुलाची संज्ञा. वंशवाचक अर्थ याच शतकात युरोपात रूढ झाला.

इराणचा सम्राट दारयवहु आपल्या शिलालेखात स्वतःला आर्य म्हणवतो. ऋग्वेदात हे नाव वैदिक देवांना भजणाऱ्यांचे आहे. नंतरच्या वाङ्मयात मात्र ‘थोर’, ‘सन्मान्य’ हाच अर्थ ठळक होतो. संस्कृत नाटकातली पत्नी पतीला ‘आर्यपुत्र’ म्हणते, बुद्धाची सत्ये ‘आर्यसत्ये’ होतात. कारंजा लाड (पूर्वी अकोला, आता वाशीम जिल्हा) या दिगंबर जैन केंद्रात आजही साध्वीला ‘आर्यिका’च म्हणतात. वऱ्हाडी घरातला ‘आजा’ही ‘आर्यक’ या शब्दाचाच प्राकृतातून आलेला वंशज होय.

भाषाशास्त्रात ‘भारतीय-आर्य’ ही संज्ञा संस्कृताशी नाते असलेल्या भाषांना लावतात. वऱ्हाडी त्यांत मोडते. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात बोलली जाणारी कोरकू मात्र मुंडा कुलातली आहे. तिच्यात दोनाला ‘बारी’ म्हणतात आणि त्याचा सोयरा दूरच्या संथाळीतला ‘बार’ आहे. ही विभागणी शब्द, ध्वनी आणि प्रत्यय ताडून केलेली असते. बोलणाऱ्याच्या रक्ताशी तिचा संबंध नाही. धारणीच्या बाजारात मराठी बोलणाऱ्या कोरकूचे पूर्वज त्यामुळे बदलत नाहीत.

नेमकी इथेच गल्लत झाली. १९०१च्या जनगणना अहवालात भाषेचे प्रकरण ग्रिअर्सन यांचे आणि जातींचे रिस्ले यांचे आहे. ग्रिअर्सन मराठीला आर्य भाषा ठरवतात. नाकाची रुंदी व डोक्याचा आकार मोजून माणसांचे ‘प्रकार’ पाडणारे रिस्ले मात्र मराठी मुलखातल्या ब्राह्मणांना आणि कुणब्यांना ‘शक-द्राविड’ या एकाच गटात घालतात. म्हणजे अकोल्याचा कुणबी एकाच अहवालात भाषेने आर्य आणि शरीराने अनार्य! गंमत अशी, की रिस्ले यांच्या गटाच्या नावातला ‘द्राविड’ हा शब्दही भाषेच्याच अभ्यासातून उचललेला होता.

‘आर्य वंश’ ही कल्पना गोबिनो या फ्रेंच लेखकाने १८५३–५५ मध्ये पसरवली. ज्यांच्या लेखनाने हा शब्द युरोपात गाजला त्या मॅक्सम्युलर यांनीच १८८८ मध्ये बजावले, की आर्य म्हणजे आर्य भाषा बोलणारा, त्यात रक्त वा कवटी येत नाही. तोवर उशीर झाला होता. जर्मनीत १९३३ मध्ये ‘अनार्य’ ठरवलेल्यांना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. नाझींनी लाखो रोमा लोकांना ठार मारले; त्यांच्या रोमानी भाषेत कानाला ‘कान’ आणि नाकाला ‘नाख’ म्हणतात. भाषेच्या निकषाने युरोपातले खरे भारतीय-आर्य तेच होते.

महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) आर्यांच्या स्वारीची कल्पना ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध वापरली. डॉ. आंबेडकरांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) या ग्रंथात ती कल्पनाच नाकारली. वेदांतील ‘आर्य’ शब्दाचे प्रयोग तपासून त्यांनी तो वंशवाचक नसल्याचे दाखवले.