तुणतुणे : आवाजावरून पडलेले एक नाव

चाल न वाजवता गाणाऱ्याच्या मागे एकच स्वर धरून ठेवणारी वाद्ये मराठी मुलखात थोडी नाहीत. त्यांची नावे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक मौज ध्यानात येते. एकतारीला नाव मिळाले ते तारांच्या संख्येवरून. वारकऱ्यांच्या सप्ताहात पहाऱ्यापहाऱ्याने ज्याच्या गळ्यात पडते ते वाद्य खरे तर केवळ आधारस्वराचे. परंतु त्याने नाव घेतले आहे सरस्वतीच्या आणि नारदाच्या वीणेचे. सनईवाल्याच्या शेजारी बसून दुसरा वादक अखंड एक स्वर फुंकत असतो. त्याच्या वाद्याला नुसते ‘सूर’ म्हणतात, म्हणजे तेथे नाव कामावरून पडले. भात्याची सूरपेटीही कामावरूनच. तंबोऱ्याचे नाव तर परक्या मुलखातून आले. या सर्व मंडळींत केवळ आपल्या आवाजावरून ओळखले जाणारे एकच वाद्य उरते, आणि ते म्हणजे तुणतुणे.

ज्या वाद्याचा आवाज अखंड घुमतो त्याला घुमण्यावरून नाव मिळावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मराठीत तसे शब्द नव्हते असेही नाही. गुणगुण, भुणभुण, घूंघूं, गुंजारव असा मोठा साठा भाषेपाशी होता. तरीही तंबोऱ्याला कोणी ‘गुणगुणे’ म्हटले नाही. नाव मिळाले ते तुलनेने ओबडधोबड अशा तुणतुण्याला, आणि तेही घुमण्यावरून नव्हे. हे असे का झाले असावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आम्ही विरारला राहतो आणि शिकवतो. गेल्या काही दशकांत घाटावरून आणि कोकणातून येथे येऊन स्थिरावलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी लग्नानंतर कुलदैवताचा गोंधळ घातला जातो. इमारतीच्या तळमजल्यावर, वाहनतळाच्या जागेत मांडलेल्या चौकापुढे गोंधळी उभे राहतात. त्यांची मुख्य वाद्ये दोनच, संबळ आणि तुणतुणे. त्यामुळे तुणतुणे पाहायला आम्हांला वस्तुसंग्रहालयात जावे लागत नाही.

त्याची रचना अगदी साधी आहे. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, वीतभर उंचीचे. त्याचे वरचे तोंड उघडे असते आणि तळाला कातडे ताणून बसवलेले असते. नळकांड्याला बाहेरून एक बांबूची काठी घट्ट जोडलेली, आणि काठीच्या वरच्या टोकाला एक खुंटी. कातड्याच्या मध्यभागी बारीक भोक पाडून त्यातून तार ओवतात. तारेच्या ताणाने कातडे फाटू नये म्हणून गाठीखाली छोटी चकती ठेवतात. तार नळकांड्याच्या पोकळीतून वर निघून खुंटीला गुंडाळली जाते. वादक एका हाताने वाद्य अंगाशी धरतो आणि लाकडाच्या छोट्या तुकड्याने किंवा नखाने तार छेडतो.

आता हा आवाज नीट ऐकावा. तंबोऱ्याची तार लाकडी तबलीवर घोडीच्या आधाराने बसते आणि आपली शक्ती हळूहळू त्या लाकडाला देते. म्हणून ती एकदा छेडली की कित्येक सेकंद वाजत राहते. तुणतुण्याची तार मात्र थेट पातळ कातड्यालाच बांधलेली असते. कातडे ती शक्ती चटकन घेते आणि चटकन हवेत उधळून टाकते. त्यामुळे आवाज मोठा, मैदानातल्या गर्दीपर्यंत पोहोचेल असा येतो, पण तो तितक्याच लवकर विरतो. पुढचा आघात व्हायच्या आत मागचा स्वर बहुतेक संपलेला असतो. तंबोऱ्यात चार तारा एकामागून एक छेडल्या जातात आणि प्रत्येकीचा नाद पुढचीच्या नादावर पसरतो. आघात बुडून जातात, पडदा तेवढा उरतो. तुणतुण्यात आघात बुडत नाही, उलट तोच मोजला जातो. दोन्ही वाद्ये आधारस्वरच देतात, पण एक वाद्य नादावर नाद पसरून आणि दुसरे पुन्हापुन्हा वाजून.

‘तुण’ हा उच्चार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दातांवर जीभ टेकवून सोडलेला त म्हणजे तारेवरचा आघात. ओठ गोल करून निघालेला उ म्हणजे नळकांड्याची पोकळी. शेवटी जीभ मागे वळवून नाकातून सोडलेला ण म्हणजे विरत जाणारी झणक. एवढ्या एका अक्षरजोडीत आघात, पोकळी आणि विराम क्रमाने आले आहेत. पण नुसता एक ‘तुण’ म्हणजे आधारस्वर नव्हे. तो एक सुटा ठोका झाला. शब्द दोनदा उच्चारला की मग सातत्य येते. म्हणजे या नावातली द्विरुक्ती केवळ सवयीची नाही, वाद्याचे काम सांगणारी आहे. खुळखुळा, भिरभिरे हे शब्द याच घडणीचे. पण ती खेळणी आहेत. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) हा शब्द वाद्याचे नाव म्हणून नोंदला गेला तोवर तो शाहिरांच्या आणि गोंधळ्यांच्या तोंडी चांगलाच रुळलेला होता.

नावाचा उपयोग परीक्षेसाठीही होतो. पावसाळ्यात वसई-विरारच्या दमट हवेत कातडे सैलावते, आणि तार कातड्यालाच बांधलेली असल्यामुळे ते सैलावले की तारही उतरते. अशा वेळी वाद्य ‘तुण’ म्हणत नाही. ‘भद्’ असा काहीसा मुका आवाज येतो. नवखा वादक लगेच खुंटी पिळतो. स्वर जागेवर येतो खरा, परंतु पुढे दिव्यांच्या उष्णतेने कातडे सुकून आखडले की तो भलताच वर चढतो, आणि कधी तार तुटते, कधी गाठीभोवती कातडे फाटते. जाणता वादक आधी कातडे शेकतो, मग खुंटीला हात लावतो. अति ताणलेले वाद्य ‘टण’ बोलते. थोडक्यात, भद् आणि टण यांच्या मध्ये जेथे ‘तुण’ ऐकू येते तेथे वाद्य लागले असे समजावे.

मग तंबोऱ्याचे काय? त्याच्या नावाचे मूळ फारसी-अरबी तंबूर या शब्दाकडे जाते, आणि तो तंबूर मुळात लांब मानेचे, चाल वाजवण्याचे वाद्य होता. आपल्याकडे पडदे गेले, चाल गेली, आधारस्वर राहिला. नाव मात्र राहिले, आणि पुढे त्याला तुंबरू गंधर्वाशी जोडून सोवळेही करून घेण्यात आले. उत्तरेकडचा ‘तानपुरा’ हा उच्चार ‘तान पुरी करणारा’ असा अर्थ सुचवतो. पण तोही परक्या शब्दाला आपल्या भाषेत बसवण्याचा प्रकार दिसतो. आवाजाचा मागमूस यांपैकी कशातच नाही.

एकदा वर्गात आम्ही दोन्ही आवाज ऐकवून ते अक्षरांत लिहायला सांगितले. तुणतुण्याला बहुतेकांनी तुण, तुंग, टुण असे काही लिहिले. (नाव आधीच ठाऊक असल्याने या पुराव्याला फार किंमत देऊ नये, हे आम्ही जाणतो.) तंबोऱ्यापुढे मात्र सगळे अडले. कोणी ‘झंऽऽ’ लिहिले, कोणी ‘आँऽऽ’, एकाने नुसती आडवी रेघ ओढली. ती रेघ आम्हांला सर्वांत बरोबर वाटली. तंबोऱ्याची जिवारी नीट लागली, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा धागा नेमक्या जागी आला, की तारेतले वरचे उपस्वर उमलतात. खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो, तो षड्जाचा पाचवा उपस्वर होय. गवयांनी त्याला ‘स्वयंभू गंधार’ असे सुंदर नाव दिले आहे. म्हणजे तंबोऱ्याकडे लक्षपूर्वक ऐकणाऱ्या कानांनी नावे दिलीच नाहीत असे नाही. ती घुमण्याला न देता घुमण्याच्या आत सापडलेल्या स्वराला दिली.

ज्याला आघात ऐकू येत नाही त्याला आवाजाचे नाव मिळत नाही, असा नियम यावरून बांधण्याचा मोह होतो. पण तो टिकत नाही. जर्मनी आणि स्वीडन या देशांत हुमेल नावाचे एक तंतुवाद्य आहे. ते छेडूनच वाजवतात, चालीच्या तारांखाली आधारस्वराच्या तारा असतात, आणि त्याचे नाव मात्र जर्मन भाषेतल्या भुंग्याचे, घुमणाऱ्या आवाजाचे. फ्रेंचमध्येही भुंगा आणि आधारस्वर या दोहोंना ‘बूर्दों’ हा एकच शब्द चालतो. तिकडे कान घुमण्यावर गेला. मराठीत गुणगुण हा शब्द आधीच माणसाच्या ओठांनी अडवलेला होता आणि भुणभुण कीटकांनी, शिवाय तिला त्रासाचा वास येऊ लागला होता. घुमणे हे क्रियापद तर अंगात येणाऱ्या भगताकडे गेले. वाद्यासाठी यांतला एकही शब्द मोकळा उरला नाही, असे आम्हांला वाटते.

तुणतुण्याला मात्र या नावाची किंमत द्यावी लागली. ‘त्याचे तेच तुणतुणे’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाद्य आठवतही नाही; कंटाळवाणी पुनरुक्ती आठवते. जो गुण, तोच दोष ठरला. पोवाड्यात शाहीर डफ घेऊन पुढे असतो, आणि त्याच्या मागे झील धरणारा, ‘जी जी’ची जोड देणारा झिलकरी तुणतुणे वाजवतो. शाहीर धाप टाकायला थांबतो, गद्य बोलतो, प्रेक्षकांकडे वळतो. तेवढा वेळ षड्ज कोणी सोडायचा नाही तो याने. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला, त्यामुळे कितीतरी शाहिरांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली. मागे उभे राहून तार छेडणाऱ्यांची पोहोचली नाहीत.

शास्त्रीय वर्गीकरणातही या जातीच्या वाद्यांची जागा बराच काळ डळमळीत होती. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी 1914 साली जगातील वाद्यांची जी मांडणी केली, तीत कातड्याला तार बांधलेली भारतीय वाद्ये ‘छेडले जाणारे ढोल’ म्हणून चर्मवाद्यांत घातली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की वाजते ती तारच; कातडे केवळ आवाज मोठा करते. ‘तुण’ या शब्दाने पहिले अक्षर तारेच्या आघाताला दिले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता त्या शेवटच्या ण-विषयी. हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांत आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर हे वाद्य ‘तुनतुना’ होते. लिंगही बदलते आणि ण-चा न होतो. आमच्या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलीतही ण-ऐवजी न चालतो, ‘पाणी’ तेथे ‘पानी’ असते, आणि उत्तरपत्रिकांत आम्हांला ‘तुनतुने’ वारंवार भेटते. बोलीच्या नियमाने ते चूक नव्हे, आणि आम्ही त्याखाली लाल रेघ ओढत नाही. पण न म्हणताना जीभ दातांपाशीच राहते. त-ने जेथून सुरुवात केली तेथेच शब्द संपतो आणि कातड्याची झणक त्यात उरत नाही.