दागिन्याच्या फोटोची बॅकग्राऊंड काढताना सोन्याची चमक का जाते?

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावातला सराफ ठुशीचा फोटो पांढऱ्या कागदावर काढतो. मग फोटोशॉपमध्ये Magic Wand ने कागद काढायला जातो आणि मण्यांना भोकं पडलेली दिसतात. असं का होतं?

चकचकीत सोनं आरशासारखं असतं. मण्यावरचा पांढरा ठिपका हे दिव्याचं प्रतिबिंब असतं आणि कडेला खालचा कागद उमटलेला असतो. Magic Wand फक्त रंग पाहतं, त्यामुळे कडेची चमक आणि कागद त्याला एकच वाटतात.

म्हणून रंगावरून नव्हे, आकारावरून कापायचं. Pen Tool घेऊन वर Path निवडा. फोटो 200 टक्के मोठा करून मण्यांच्या कडेच्या किंचित आतून रेघ फिरवा. चमकेत कड हरवली असेल, तिथे शेजारच्या मण्याची गोलाई पाहून रेघ पुढे न्या. Ctrl+Enter दाबा, Feather 0.5 पिक्सेल द्या आणि Layer Mask लावा. मास्कमुळे मूळ फोटो पुसला जात नाही.

आता खाली काळा लेयर ठेवून तपासा. मण्यात काळे ठिपके दिसले तर चमक कापली गेली आहे. मास्कवर तिथे पांढरा ब्रश फिरवा. कडेला पांढरी रेघ दिसली तर कागद राहिला आहे. तिथे काळा ब्रश फिरवा.

सोन्यात उमटलेला कागद मात्र तसाच राहतो. त्यामुळे ही ठुशी गडद बॅकग्राऊंडवर चिकटवल्यासारखी वाटते. ती फिक्या रंगावरच ठेवा. गडद बॅकग्राऊंड हवी असेल, तर फोटोच गडद कागदावर काढा.