अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा अतिदक्षता खर्च आणि आईची पॉलिसी

गर्भाचे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला 'काचेत ठेवले' की घरच्यांना आधी पेटीचा दिवसाचा दर दिसतो. बिल मात्र बाळाच्या फुप्फुसांमुळे वाढते. ३०व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला सर्फॅक्टंटचा डोस, श्वासासाठी सीपॅप, शिरेतून पोषण आणि काही आठवड्यांचा मुक्काम लागू शकतो. क्रांती चौक परिसरातल्या कुटुंबाने छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची वाट धरली, तर २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत आणि दाव्याचा प्रश्नच उरत नाही. खासगी रुग्णालयात तो पहिल्याच दिवशी उभा राहतो. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या आईची समूह पॉलिसी असेल, तर बाळाचा खर्च कोणत्या मर्यादेतून द्यायचा?

तो प्रसूतीच्या मर्यादेत कोंबणे योग्य नाही. समजा, विमा रक्कम ५ लाख, प्रसूतीची मर्यादा ५० हजार, सिझेरियनचे बिल ७० हजार आणि बाळाचे २ लाख ८० हजार. दोन्ही एकत्र धरले तर ५० हजार मिळतात, ३ लाख खिशातून जातात. बाळाचा दावा मूळ विमा रकमेतून वेगळा मंजूर झाला, तर आईचे वरचे २० हजार आणि बाळाच्या बिलातल्या डायपरसारख्या न मिळणाऱ्या वस्तू एवढाच भार उरतो. विमा कंपनीचा आक्षेप असतो की अकाली जन्म हीच प्रसूतीची गुंतागुंत. पण विमा नियामकाच्या व्याख्येत प्रसूती खर्च म्हणजे बाळंतपणाच्या उपचारांचा खर्च. ९० दिवसांपर्यंतच्या नवजाताची व्याख्या त्यात निराळी आहे. सर्फॅक्टंट आईला दिलेले नसते. जन्मजात व्यंगाचे कलमही येथे लावता येत नाही, कारण अपुरे दिवस हे व्यंग नव्हे.

या युक्तिवादाला मर्यादा आहे. पॉलिसीत 'नवजाताचा खर्च प्रसूती मर्यादेतच' असे स्पष्ट लिहिले असेल, तर तो टिकणे कठीण. अनेक वैयक्तिक पॉलिसी बाळाला ९१व्या दिवसापासूनच घेतात. तिथे पेटीचे सगळे दिवस बाहेर राहतात. म्हणून 'पहिल्या दिवसापासून नवजात संरक्षण' हे शब्द कलमात शोधावेत, एजंटाच्या तोंडी आश्वासनात नव्हे.

बाळाला नाव नसते; केसपेपरवर 'बेबी ऑफ' पुढे आईचे नाव येते. त्याची भरती, बिल आणि डिस्चार्ज कार्ड आईपासून वेगळे करून घ्यावे, निदानात आठवडे, वजन आणि श्वसनविकार नोंदवलेले असावेत. समूह पॉलिसीत बाळाचे नाव कंपनीच्या एचआरमार्फत ठरलेल्या मुदतीत चढवावे. ही मुदत बाळ रुग्णालयात असतानाच संपू शकते. दावा नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.