ल्यूथर, सुलतान आणि ऑग्सबर्गचा तह

मुस्लिम समाजाला एका मार्टिन ल्यूथरची गरज आहे, असे वाक्य अधूनमधून कुठल्या ना कुठल्या लेखात वाचायला मिळते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एक ठरावीक चित्र असते. एक धाडसी माणूस उभा राहिला, त्याने पोपला आव्हान दिले आणि युरोपातला सामान्य माणूस धर्मगुरूंच्या पकडीतून सुटला. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र तपासून पाहावा लागतो. पोपच्या हातून निसटलेला अधिकार जर्मनीत सामान्य माणसाकडे गेलाच नाही, तो राजांकडे गेला. आणि तो तिथे टिकला, यात इस्तंबूलच्या सुलतान सुलेमानचा मोठा हात होता. तसा त्याचा हेतू नव्हता, पण घडले तसे.

1517 साली विटेनबर्ग विद्यापीठातल्या या प्राध्यापक साधूने पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 मुद्दे मांडले. पैसे भरून पत्र घेतले की पापाची शिक्षा माफ, असा तो व्यवहार होता आणि त्यातला काही पैसा रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला जात होता. वाद वाढत गेला. 1521 च्या सुरुवातीला पोपने ल्यूथरला धर्मबहिष्कृत केले आणि त्याच वर्षी वर्म्स इथल्या साम्राज्याच्या सभेनंतर सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला गुन्हेगार ठरवले. इथे गोष्ट संपायला हवी होती. शंभर वर्षांपूर्वी यान हुसने चर्चवर अशीच टीका केली होती आणि त्याला जिवंत जाळण्यात आले होते.

ल्यूथर वाचला, कारण सॅक्सनीचा राजा फ्रेडरिक याने त्याला वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवले. जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. शेकडो लहानमोठी राज्ये, स्वतंत्र शहरे आणि बिशपांच्या जहागिरी मिळून ते साम्राज्य झाले होते. सम्राटाची निवड सात जण करत, आणि फ्रेडरिक त्यांपैकी एक होता. सम्राटाला कर हवा असो वा सैन्य, या राजांच्या सभेची संमती घ्यावी लागे. चार्ल्स स्पेनचाही राजा होता, इटलीत तो फ्रान्सशी लढत होता, आणि 1521 नंतर जवळजवळ नऊ वर्षे तो जर्मनीत फिरकलाच नाही. त्याच्या जागी धाकटा भाऊ फर्डिनांड कारभार पाहत होता.

आता 1526 चा ऑगस्ट महिना पाहा. सुलेमानचे सैन्य हंगेरीत शिरले होते. स्पायर इथे साम्राज्याची सभा भरली होती आणि फर्डिनांडला मदत हवी होती. ल्यूथरविरोधी हुकूम अमलात आणण्याचा आग्रह धरला, तर ल्यूथरच्या बाजूचे राजे हात आखडता घेणार, हे उघड होते. 27 ऑगस्टला ठराव झाला की धर्माच्या बाबतीत प्रत्येक राजाने देवाला आणि सम्राटाला उत्तर देता येईल असे वागावे. दोनच दिवसांनी मोहाचच्या मैदानात हंगेरीचे सैन्य नष्ट झाले आणि राजा लुई पळताना मेला. लुई फर्डिनांडचा मेहुणा होता. फर्डिनांडने त्याच्या गादीवर हक्क सांगितला, आणि तिथून उस्मानी सरहद्द हा त्याच्या घरचाच प्रश्न झाला.

ठरावातले ते वाक्य तात्पुरत्या तडजोडीचे होते. राजांनी मात्र ते परवान्यासारखे वापरले. मठांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, पाद्री नेमले, शाळा आणि चर्चच्या तपासणीसाठी आपले अधिकारी पाठवले. बिशपाचे काम दरबारात आले. 1529 साली स्पायरलाच ही सूट काढून घ्यायचे ठरले, तेव्हा काही राजांनी आणि 14 शहरांनी लेखी निषेध नोंदवला. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव त्या निषेधातून आले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सुलेमानने व्हिएन्नाला वेढा दिला.

पुढेही हेच चक्र फिरत राहिले. 1532 साली सुलेमान पुन्हा निघाला, तेव्हा न्यूरेंबर्गला प्रोटेस्टंट राजांना अभय देण्यात आले आणि त्यांनी मदत पाठवली. उलट बाजूही तपासून पाहता येते. 1545 साली उस्मानींशी युद्धबंदी झाली, पुढच्याच वर्षी चार्ल्सने प्रोटेस्टंट राजांवर चाल केली आणि एप्रिल 1547 मध्ये म्यूलबर्गला त्यांचा पराभव केला. त्याच उन्हाळ्यात सुलतानाशी पाच वर्षांचा तह झाला, फर्डिनांडने वर्षाला 30,000 सोन्याची नाणी द्यायचे कबूल केले. पूर्वेकडे शांतता असली की पश्चिमेकडे कठोरपणा, असा हा हिशेब. अर्थात सगळेच सुलेमानच्या खात्यावर टाकता येणार नाही. 1552 साली चार्ल्सचा डाव उधळला तो सॅक्सनीच्या मॉरिसने, आणि त्याला पैसा पुरवला कॅथलिक फ्रान्सच्या राजाने!

शेवटी 25 सप्टेंबर 1555 ला ऑग्सबर्गचा तह झाला. राजा कॅथलिक किंवा ल्यूथरपंथी यांपैकी जो मार्ग निवडेल, तोच त्याच्या राज्याचा. प्रजेपैकी ज्याला तो मान्य नसेल, त्याने मालमत्ता विकून दुसरीकडे जावे. कॅल्व्हिनच्या अनुयायांना आणि प्रौढपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या पंथांना तहात जागाच नव्हती. राजाला मिळाले ते धर्मस्वातंत्र्य. प्रजेला मिळाली ती हिजरतीची परवानगी. तीही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, पण शेत विकून, कबरी मागे ठेवून जाणे किती जणांना जमणार?

प्रत्यक्षात हे कसे चालले, ते ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट राज्यात पाहावे. 1550 च्या सुमारास राजधानी हायडेलबर्गमध्ये जन्मलेल्या एखाद्या मुलाची कल्पना करा. तो सहा वर्षांचा असताना नवा राजा ओटो हाइनरिख याने राज्य ल्यूथरपंथी केले. त्याच्यामागून आलेला तिसरा फ्रेडरिक कॅल्व्हिनच्या मताकडे वळला. चर्चमधल्या मूर्ती आणि वेद्या हटल्या, आणि 1563 पासून मुलांना हायडेलबर्गची नवी प्रश्नोत्तरी पाठ करावी लागली. हा पंथ तहाबाहेरचा होता, तरी 1566 च्या सभेत फ्रेडरिकवर कारवाई करायला बाकीचे राजे तयार झाले नाहीत. 1576 साली त्याचा मुलगा लुडविग गादीवर आला, तो ल्यूथरपंथी. प्रश्नोत्तरी गेली, ती रचणाऱ्यांपैकी प्रमुख असलेले उर्सिनुस यांची नोकरी गेली, आणि पाद्री व शिक्षकही घालवले गेले. 1583 मध्ये लुडविग वारला, कारभार भावाकडे आला आणि राज्य पुन्हा कॅल्व्हिनपंथी झाले. आता ल्यूथरपंथीयांना घालवण्याची पाळी! आपला मुलगा तेहतीस वर्षांचा झाला तोवर त्याचा अधिकृत धर्ममार्ग चार वेळा बदलला होता, आणि एकदाही त्याला कुणी विचारले नव्हते. मास्तर म्हणून मला त्या शाळांचे राहून राहून नवल वाटते. काल शिकवलेले उत्तर आज चूक, असे सात वर्षांच्या पोराला कसे सांगत असतील?

याच पॅलाटिनेटच्या पाचव्या फ्रेडरिकने 1619 साली बोहेमियाचा मुकुट स्वीकारला आणि नुकत्याच पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात आपले राज्य घालवून बसला. 1648 च्या वेस्टफालियाच्या तहात कॅल्व्हिनपंथाला मान्यता मिळाली आणि राजाचा हात थोडा बांधला गेला. 1624 हे वर्ष प्रमाण धरून, त्या साली जिथे ज्या पंथाची उपासना चालू होती तिथे ती चालू राहावी, मग राजाने नंतर पंथ बदलला तरी, असे ठरले. सम्राटाच्या स्वतःच्या ऑस्ट्रिया आणि बोहेमियातल्या प्रोटेस्टंट प्रजेला मात्र हा नियम लागू केला गेला नाही.