निरीक्षकाधिष्ठित नियंत्रण आणि हरवलेली दृढता

रैखिक-द्विघाती-गाउसीय नियंत्रणाची मांडणी 1960 च्या सुमारास काल्मन आणि त्याचे समकालीन यांच्या कार्यातून सिद्ध झाली. प्रथम सर्व अवस्था मोजता येतात असे मानून इष्टतम नियंत्रक काढावयाचा, नंतर न मोजलेल्या अवस्थांचा अंदाज देणारा काल्मन फिल्टर निरीक्षक म्हणून जोडावयाचा, अशी तिची रीत होय. दोन्ही भाग स्वतंत्रपणे रचले तरी संपूर्ण संहती स्थिर राहते.

साफोनोव्ह व अथान्स यांनी 1977 मध्ये दाखविले की, सर्व अवस्था मोजल्या गेल्यास अशा नियंत्रकाचे वर्धन निम्मे झाले किंवा कितीही वाढले तरी स्थैर्य ढळत नाही. साहजिकच, निरीक्षक जोडल्यावरही ही सुरक्षामर्यादा टिकते काय, हा प्रश्न उभा राहिला. 1978 मध्ये जॉन डॉयल याने एका अत्यंत छोट्या निबंधात त्याचे नकारार्थी उत्तर दिले.

त्याचे उदाहरण द्वितीय कोटीच्या, दोन्ही ध्रुव +1 वर असलेल्या अस्थिर संहतीचे होते. त्यातील विक्षोभ दोन्ही अवस्थांत सारखाच शिरतो. अवस्थांचा भार आणि विक्षोभाची तीव्रता ही दोन्ही 60 धरल्यास नियंत्रक व फिल्टर यांचे सर्व गुणांक 10 येतात. प्रत्यक्ष वर्धन अपेक्षित वर्धनाच्या m पट असल्यास 0.92 पेक्षा कमी किंवा 1.01 पेक्षा अधिक m ला स्थैर्य उरत नाही. म्हणजे एक टक्क्याची वाढही घातक ठरते. निरीक्षक नसता, तर याच नियंत्रकाला m 0.2 पेक्षा अधिक असणे पुरेसे होते. विक्षोभाची तीव्रता नुसती वाढविल्याने मर्यादा उलट अधिकच आक्रसते.

1979 मध्ये डॉयल व स्टाइन यांनी यावर उपाय सुचविला. पुढे तो लूप ट्रान्स्फर रिकव्हरी या नावाने रूढ झाला. फिल्टर रचताना संहतीच्या आदानमुखाशीच एक काल्पनिक विक्षोभ शिरतो असे मानावयाचे आणि त्याची तीव्रता क्रमाने वाढवीत न्यावयाची. येथे महत्त्व तीव्रतेइतकेच दिशेलाही आहे. वरील उदाहरणात मूळ विक्षोभ तसाच ठेवून अशा विक्षोभाची तीव्रता दहा लक्ष घेतल्यास m ची कक्षा सुमारे 0.27 ते 3.1 इतकी विस्तारते. तीव्रता अधिक वाढविल्यास ती निरीक्षकविरहित मर्यादेजवळ जाते.

तथापि हा लाभ विनामूल्य नव्हे. फिल्टरचे गुणांक 10 वरून सुमारे 47 आणि 1046 होतात. परिणामी मापनातील गोंगाट कितीतरी अधिक प्रमाणात नियंत्रकापर्यंत पोहोचतो आणि मूळ अर्थाने फिल्टर इष्टतम राहत नाही. शिवाय संहतीचे शून्यबिंदू उजव्या अर्धप्रतलात असतील, तर पूर्ण पुनःप्राप्तीची हमी मिळत नाही. म्हणून काल्पनिक विक्षोभ किती वाढवावा, हे दृढता आणि गोंगाट यांची तुलना करूनच ठरवावे लागते. इष्टतमता म्हणजे दृढता नव्हे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.