कोळशाची ग्रील आणि मातीचा तंदूर साफ करताना: राख, चिकट थर आणि आरोग्य

गच्चीवर ग्रील लावून जेवण झाले की साफसफाई दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते. यातून होणारे त्रास मुख्यतः तीन कारणांनी होतात. राख पूर्ण विझलेली नसते, साफ करताना तारेच्या ब्रशची तार जाळीवर राहते किंवा ओल्या राखेने त्वचा आणि डोळे भाजतात. हे तिन्ही टाळता येतात. ते कसे, हे साफसफाईच्या क्रमाने पाहू.

राख गार झाली हे कसे ओळखावे?

वरून पांढरी आणि गार दिसणारी राख आतल्या निखाऱ्यांवर पांघरुणासारखी बसलेली असते. ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे आतला निखारा कित्येक तास, कधी पूर्ण दिवसभर धुमसत राहतो. मातीच्या तंदूरमध्ये जाड भिंतीही तापलेल्या असल्याने याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून स्वयंपाक संपल्यावर ग्रीलचे झाकण आणि हवेची छिद्रे बंद करा, म्हणजे निखाऱ्यांना हवा मिळणार नाही. राख काढण्यापूर्वी किमान 24 तास, तंदूरसाठी शक्यतो 48 तास थांबा. मग राखेच्या वर हाताचा तळवा थोड्या अंतरावर धरा. जराही ऊब जाणवली तर राख अजून काढू नका. हात राखेत घालून पाहू नका. ऊब न जाणवली तरी आत एखादा निखारा असू शकतो, म्हणून राख काढताना ती जळतीच आहे असे समजून काम करा.

राख लोखंडी खुरपणीने किंवा छोट्या फावड्याने झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा. डबा उघड्यावर, लाकूड आणि कागदापासून दूर ठेवा. प्लास्टिकची बादली, कचऱ्याची पिशवी आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर यांसाठी राख वापरण्याजोगी नसते. दडलेला एक निखारा आग लावायला पुरेसा असतो.

"चिकन बाधले" असे वाटले, पण कारण वेगळेच होते

समजा, एका कुटुंबाने रात्री नऊच्या सुमारास गच्चीवरचे जेवण आटोपले. अकराला पाऊस सुरू झाला. "राख सकाळी काढू" म्हणून घरच्यांनी ग्रील उचलून हॉलमध्ये आणून ठेवली. धूर नव्हता, लाल निखारा दिसत नव्हता. पावसामुळे खिडक्या बंद होत्या.

पहाटे तीनला आईचे डोके ठणकू लागले, मुलाला उलटी झाली, वडिलांना उठताना चक्कर आली. सगळ्यांना वाटले की चिकन बाधले. घरातल्या ऑक्सिमीटरवर 98 आकडा दिसला, म्हणून काळजी कमी झाली.

खरे कारण कार्बन मोनॉक्साइड वायूचे होते. धुमसणाऱ्या कोळशातून हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा फार घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. साध्या ऑक्सिमीटरला वायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो. निदान होते ते कार्बॉक्सिहीमोग्लोबिनच्या रक्तचाचणीने.

अन्नबाधा आणि हा त्रास यांत फरक करणाऱ्या खुणा अशा:

- एकाच वेळी घरातल्या अनेकांचे डोके दुखते. ज्यांनी ते पदार्थ खाल्लेच नाहीत, त्यांनाही त्रास होतो.
- जुलाब आणि ताप सहसा नसतात.
- मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागते.

असे वाटल्यास सर्वांना लगेच घराबाहेर न्या, 108 वर रुग्णवाहिका बोलवा आणि "घरात कोळशाची ग्रील होती" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोकळ्या हवेत बरे वाटले तरी तपासणी टाळू नका. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक असतो. राख न काढलेली ग्रील घरात, बंद गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये कधीच ठेवू नका.

जाळीवरचा जळका थर कसा काढावा?

जाळीवर साचलेली चरबी आणि जळके तुकडे पुढच्या वेळी पेट घेतात, अचानक ज्वाळा उठतात आणि काळा धूर अन्नावर बसतो. अशा धुरात पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन नावाची कर्करोगाशी संबंध असलेली रसायने असतात. हा थर कोमट असताना सहज सुटतो, म्हणून जाळी हाताला सोसेल इतकी झाली की गरम पाणी, साबण आणि नायलॉनची घासणी किंवा लाकडी खरवडणी वापरा. चिकटपणा जास्त असेल तर जाळी अर्धा तास गरम साबणपाण्यात भिजवा.

तारेचा ब्रश शक्यतो टाळा. त्याची सुटलेली बारीक तार जाळीला चिकटते, तिथून मांसाला आणि मग पोटात जाते. अमेरिकेत 2012 मध्ये ऱ्होड आयलंडमधील अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. काहींना घशात तार रुतली, काहींना आतड्यात छिद्र पडले. ब्रश वापरलाच तर नंतर जाळी ओल्या कापडाने पुसा आणि उजेडात नीट पाहा.

तंदूर मात्र धुऊ नये

भाजलेली माती सच्छिद्र असते. ती साबण आणि पाणी शोषते. साबण पुढच्या रोटीत उतरू शकतो आणि ओला तंदूर एकदम तापवला तर भिंतीला तडे जातात. राख खालच्या तोंडातून काढा, चिकटलेले रोटीचे तुकडे लाकडी खरवडणीने अलगद सोडवा आणि कोरड्या कापडाने पुसा. तेलकट डाग पुढच्या विस्तवात, मोकळ्या जागी, स्वयंपाकापूर्वी जाळून टाका. राख श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावा. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावे.

राख अंगावर किंवा डोळ्यांत गेली तर?

लाकडाची राख ओली झाली की क्षारयुक्त होते आणि त्वचा भाजू शकते. आधी कोरडी राख झटका, मग वाहत्या पाण्याने 15 ते 20 मिनिटे धुवा. डोळे लगेच तितकाच वेळ धुवा, चोळू नका आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा. गरम राखेने भाजल्यास 20 मिनिटे वाहते साधे पाणी ओता. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ग्रीलचे अन्न खाल्ल्यावर गिळताना टोचत असेल, लाळेत रक्त दिसत असेल किंवा एक-दोन दिवसांत पोटात तीव्र दुखत असेल तर लगेच जा. काटा अडकल्यावर करतात तसे भाताचा घास किंवा केळे गिळून तार खाली ढकलू नका, ती अधिक खोल रुतते. एमआरआय सांगितला असेल तर त्याआधी तारेची शक्यता डॉक्टरांना सांगा, कारण धातूची तार त्या चुंबकाने हलू शकते. अशा वेळी डॉक्टर सहसा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. साफ करताना वापरलेला ब्रश फेकून देऊ नका, सोबत न्या. त्यावरून तारेची लांबी आणि धातू कळतो.