स्वच्छ छाती आणि चालल्यावरची धाप : न्युमोसिस्टिस न्यूमोनियाच्या एका चिठ्ठीवरील भाष्य

खाली दिलेली चिठ्ठी कोणा एका रुग्णाची नाही. एचआयव्हीबाधितांना होणाऱ्या न्युमोसिस्टिस न्यूमोनियात जे वारंवार दिसते, ते एकत्र करून भाष्यासाठी ती रचली आहे. रुग्ण नगर-पुणे रस्त्यावरच्या केडगावचा मानला आहे. या स्थळाला पुढे हिशेबातही अर्थ आहे.

मूळ चिठ्ठी

१. पुरुष, वय ३४, वजन ५२ किलो. एचआयव्ही आहे, वर्षभरापासून एआरटी आणि रोजची को-ट्रायमोक्साझोल गोळी बंद. सीडी४ ६८.
२. तीन आठवडे कोरडा खोकला, ताप, वाढता दम. छाती स्वच्छ.
३. ऑक्सिजन बसून ९२, चालवल्यावर ८४. रक्तवायू तपासणीत ऑक्सिजनचा दाब ६२, कार्बन डायऑक्साइडचा ३०.
४. एक्स-रेत दोन्ही बाजूंना धूसर छाया. पाणी नाही, गाठी नाहीत. बेडक्याची सीबीनॅट नकारात्मक. न्युमोसिस्टिससाठी नमुना पाठवला. उपचार सुरू केला.
५. को-ट्रायमोक्साझोल आधी शिरेतून, मग डीएस गोळ्या २-२-२. एकूण २१ दिवस.
६. पहिल्या डोसबरोबरच प्रेडनिसोलोन.
७. तिसऱ्या दिवशी दम वाढला. औषध बदलले नाही.
८. बाराव्या दिवशी एआरटी पुन्हा सुरू. २१ दिवसांनंतर रोज एक डीएस गोळी.

ओळ १ : ‘सीडी४ ६८’

निदानाची निम्मी वाट या आकड्यातच आहे. न्युमोसिस्टिस ही बुरशी श्वासातून बहुतेकांच्या शरीरात येऊन जाते आणि प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर काही बिघडत नाही. सीडी४ पेशी २००च्या खाली गेल्या की ती फुप्फुसाच्या वायुकोशांत वाढू लागते. एड्सची जगातली पहिली नोंद याच आजाराची होती : ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची. भारतात सरकारी एआरटी २००४ साली सुरू झाली. त्या औषधांमुळे आणि रोजच्या को-ट्रायमोक्साझोलमुळे हा आजार मागे हटला. आज एचआयव्हीबाधितांमध्ये तो मुख्यतः दोघांत दिसतो : ज्यांना आपला एचआयव्ही ठाऊकच नाही आणि ज्यांची औषधे सुटली आहेत. म्हणून ‘गोळी बंद’ हे शब्द सीडी४ इतकेच महत्त्वाचे आहेत. सीडी४चा अहवाल हाती नसेल आणि तोंडात पांढरी बुरशी दिसत असेल, तर पेशी खूप उतरल्या आहेत असे समजून चालावे.

ओळ २ : ‘छाती स्वच्छ’

चिठ्ठीतले सर्वांत फसवे शब्द हेच. नेहमीच्या जिवाणूंच्या न्यूमोनियात दोन-चार दिवसांत थंडी वाजून ताप येतो, पिवळा बेडका पडतो, स्टेथोस्कोपने एका जागी करकर ऐकू येते. इथे सारे आठवड्यांच्या गतीने घडते. पहिल्या आठवड्यात जिना चढताना थांबावे लागते, दुसऱ्यात सपाटीवर चालताना, तिसऱ्यात आंघोळ करतानाही धाप लागते. खोकला कोरडा असतो, कारण बिघाड श्वासनलिकांत नसून वायुकोशांत असतो. तिथे फेसाळ द्रव साचतो आणि ऑक्सिजन रक्तात उतरू शकत नाही. नलिका मोकळ्या राहिल्याने कानाला फारसे काही लागत नाही.

याच टप्प्यावर गल्लत होते. छाती स्वच्छ म्हणून अशक्तपणाचे टॉनिक दिले जाते, किंवा दमा समजून चार दिवस स्टेरॉइड. स्टेरॉइडने तात्पुरते बरे वाटते आणि खरे औषध आणखी आठवडाभर लांबते.

ओळ ३ : ‘चालवल्यावर ८४’

बसलेल्या रुग्णाचे ९२ पाहून कोणी निश्चिंत होऊ शकेल. बोटाला ऑक्सिमीटर लावून त्याला वरांड्यात मिनिट-दोन मिनिटे चालवले आणि आकडा ८४वर आला, तेव्हा आजाराने तोंड उघडले. बसल्या जागी ऑक्सिजन ९०च्या खाली असेल तर ही चाचणी करू नये. तिची गरजही उरत नाही.

रक्तवायूंवरून आजाराची तीव्रता ठरते. ऑक्सिजनचा दाब ७०च्या खाली, किंवा वायुकोश आणि धमनी यांच्यातल्या ऑक्सिजनच्या दाबाची तफावत ३५ वा अधिक, यांपैकी एक जरी असले तरी स्टेरॉइड द्यावे लागते. ही तफावत काढताना केडगावचा विचार हवा. पुष्कळ ठिकाणी समुद्रसपाटीचा तयार आकडा १५० घेतला जातो. केडगाव-नगर परिसर साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ७६० नसून सुमारे ७०५ असतो. त्यातून बाष्पाचे ४७ वजा केले आणि उरलेल्याचे २१ टक्के घेतले की १३८ येतात. कार्बन डायऑक्साइडच्या ३०ला ०.८ने भागून आलेले ३७.५ त्यातून वजा केले की वायुकोशातला दाब सुमारे १०० ठरतो. धमनीतले ६२ वजा केल्यावर तफावत उरते ३८. मुंबईच्या हिशेबाने तीच ५० आली असती.

या रुग्णाच्या बाबतीत दोन्ही हिशेब स्टेरॉइडकडेच नेतात. पण धमनीतला दाब ७३ असता तर इथली तफावत सुमारे २८ आणि समुद्रसपाटीच्या सूत्राने ३९ आली असती. म्हणजे सौम्य रुग्ण कागदावर गंभीर ठरला असता. रक्तवायू तपासणीची सोय नसेल तिथे साध्या हवेत, बसून ऑक्सिजन ९२च्या खाली हा व्यवहारातला निकष वापरतात.

ओळ ४ : ‘उपचार सुरू केला’

फुप्फुसांच्या मध्यभागापासून दोन्हीकडे सारखी पसरलेली धूसर छाया ही नेहमीची खूण आहे. मात्र सुरुवातीला एक्स-रे अगदी निर्दोष असू शकतो. मग सीटी स्कॅनमध्ये ती धूसरता दिसते. फुप्फुसाभोवती पाणी किंवा छातीत मोठ्या गाठी असतील तर मन क्षयाकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रात एचआयव्ही आणि खोकला म्हटले की आधी क्षयच आठवतो, आणि ते योग्यही आहे. सीबीनॅट म्हणूनच केली. दोन्ही आजार एकत्रही असतात, त्यामुळे सुधारणा अडली तर क्षयाचा शोध पुन्हा घ्यावा.

न्युमोसिस्टिस प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसावा लागतो, किंवा पीसीआरमध्ये त्याचा जनुकीय अंश सापडावा लागतो. सहज थुंकलेल्या बेडक्यात तो क्वचितच मिळतो. मिठाच्या ३ टक्के द्रावणाची वाफ देऊन काढलेला बेडका बरा, आणि दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेला द्रव सर्वांत खात्रीचा. ही वाफ देताना इतरांना क्षयाची बाधा होऊ नये म्हणून खोली हवेशीर आणि वेगळी असावी. पीसीआरला एक मर्यादा आहे : आजार नसताना नुसता वावरणारा जंतूही ती दाखवू शकते. रक्तातला एलडीएच बहुधा वाढतो, पण तो इतर कारणांनीही वाढतो.

निकालासाठी औषध अडवू नये. उपचार सुरू झाल्यावरही हा जंतू कित्येक दिवस नमुन्यात सापडतो. म्हणजे आधी औषध दिल्याने पुरावा नाहीसा होत नाही. औषध लांबवल्याने रुग्ण मात्र हातचा जाऊ शकतो.

ओळ ५ : ‘२-२-२’

बुरशी असूनही हिच्यावर नेहमीची बुरशीनाशके चालत नाहीत, कारण ती ज्या एर्गोस्टेरॉलवर घाव घालतात तेच हिच्या आवरणात नसते. को-ट्रायमोक्साझोलमधली दोन औषधे जंतूची फोलेटची वाट दोन ठिकाणी तोडतात.

मात्रा ट्रायमेथोप्रिमवर मोजतात : दर किलोला दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम. ५२ किलोला ७८० ते १०४० मिलिग्रॅम लागतात. एका डीएस गोळीत १६० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि ८०० मिलिग्रॅम सल्फामेथोक्साझोल असते. दिवसाला सहा गोळ्या म्हणजे ९६० मिलिग्रॅम, किलोमागे सुमारे १८.५. लघवीच्या जंतुसंसर्गाला दिवसाला दोन गोळ्या देण्याची सवय असलेल्या हाताला हा आकडा चुकीचा वाटतो आणि मात्रा कमी केली जाते. तसे होऊ नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र मात्रा बदलावी लागते.

शिरेतून देताना ८० मिलिग्रॅमची ५ मिलिलिटरची कुपी १२५ मिलिलिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. दिवसाला बारा कुप्या म्हणजे दीड लिटर द्रव. आधीच भरलेल्या फुप्फुसाला हा भार असतो. म्हणून धाप उतरून अन्न पचू लागले की गोळ्यांवर यावे. गोळी आतड्यातून उत्तम शोषली जाते.

या मात्रेची किंमत बहुधा दुसऱ्या आठवड्यात दिसते : पुरळ, ताप, पांढऱ्या पेशी उतरणे, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम चढणे. आठवड्यातून दोन-तीनदा रक्त तपासले तर हे वेळीच कळते. साध्या पुरळात औषध रेटता येते. तोंडात फोड आले किंवा कातडी सोलू लागली तर ते त्याच क्षणी थांबवावे आणि क्लिंडामायसिन-प्रायमाक्वीनकडे वळावे. त्याआधी जी-६-पीडीची तपासणी हवी.

ओळ ६ : ‘पहिल्या डोसबरोबरच’

औषधाने जंतू मरतात, त्यांचे तुकडे वायुकोशांत पसरतात आणि शरीराचा दाह भडकतो. पहिल्या तीन-चार दिवसांत ऑक्सिजन घसरतो तो यामुळे. ही लाट आधीच दाबण्यासाठी स्टेरॉइड असते. म्हणून ते औषधाबरोबर किंवा फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायचे. मध्यम आणि गंभीर आजारात त्याने मृत्यू कमी होतात, हे १९९०पासून मान्य आहे.

प्रेडनिसोलोन पहिले पाच दिवस ४० मिलिग्रॅम दोनदा, पुढचे पाच दिवस ४० मिलिग्रॅम एकदा, उरलेले अकरा दिवस २० मिलिग्रॅम एकदा. या काळात साखर तपासावी. सौम्य आजारात ते देऊ नये. न्युमोसिस्टिसवरच्या औषधाशिवाय तर कधीच देऊ नये.

ओळ ७ : ‘औषध बदलले नाही’

हा निर्णय धीराचा आहे आणि बरोबर आहे. पाच ते सात दिवसांच्या आत को-ट्रायमोक्साझोल हरले असे म्हणता येत नाही. पण धीर म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. दम अचानक वाढला, एका बाजूला छातीत दुखले, तर लगेच एक्स-रे काढावा. या आजारात फुप्फुस फुटून छातीत हवा भरू शकते. तसे नसेल तर मात्रा, द्रवाचा भार, दुसरा संसर्ग आणि क्षय या क्रमाने पाहावे.

ओळ ८ : ‘रोज एक डीएस गोळी’

एआरटी दोन आठवड्यांच्या आत सुरू करणे हिताचे ठरले आहे. पूर्ण बरे होईपर्यंत थांबू नये. रोजची गोळी सीडी४ सावरून टिकेपर्यंत चालू राहते आणि ती कधी बंद करायची हे एआरटी केंद्र ठरवते. बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने सोडणे हीच या चिठ्ठीची पहिली ओळ होती.

डॉक्टरांना विनंती एवढीच : एचआयव्हीबाधिताची छाती स्वच्छ ऐकू आली तरी त्याला चालवून ऑक्सिजन पाहा. आणि ज्यांची औषधे सुटली आहेत त्यांनी जिना चढताना धाप लागू लागल्यावर तीन आठवडे वाट पाहू नये. त्याच आठवड्यात एआरटी केंद्रात जावे आणि किती दिवस औषध बंद आहे ते न लपवता सांगावे.